P_2 आणि R^3 'सारख्या' म्हणजे नेमक्या किती सारख्या?

प्रश्न: सर, मी नाशिकला एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. दोनपर्यंत घात असलेल्या बहुपदींची स्पेस P_2 आणि R^3 आयसोमॉर्फिक आहेत, आणि n मितीची कुठलीही रिअल व्हेक्टर स्पेस R^n सारखीच असते, असं पुस्तकात आहे. सिद्धता पाठ आहे, पण पटत नाही. बहुपदीचा आलेख काढता येतो, दोन बहुपदींचा गुणाकार होतो. R^3 मध्ये नुसते तीन आकडे. मग 'सारखी' म्हणजे काय? आणि सगळं R^n च असेल तर बाकीच्या स्पेस शिकायच्या कशाला?

उत्तर:

आलेख आणि गुणाकार याच दोन गोष्टी तुला खटकल्या, हे चांगलं झालं. आयसोमॉर्फिझम या दोन्हींबद्दल एक अक्षरही बोलत नाही. व्हेक्टर स्पेसच्या व्याख्येत दोनच क्रिया आहेत: दोन व्हेक्टरांची बेरीज आणि व्हेक्टरला रिअल संख्येने गुणणं. पेआनोने १८८८ मध्ये ही व्याख्या नियमांच्या रूपात मांडली, आणि व्हेक्टर कशाचा बनलेला असावा याची त्या नियमांत कुठेही अट नाही. तो बाण असेल, बहुपदी असेल, उद्या एखादा हिशेबही असेल.

V पासून W पर्यंतचं फंक्शन T हे एकास-एक आणि आच्छादक असेल, आणि T(u+v) = T(u)+T(v) व T(cu) = cT(u) हे दोन्ही नियम पाळत असेल, तर त्याला आयसोमॉर्फिझम म्हणायचं. साध्या भाषेत, बेरीज अलीकडे करून मग पलीकडे गेलो काय, किंवा आधी दोन्ही व्हेक्टर पलीकडे नेऊन तिथे बेरीज केली काय, पोहोचायचं एकाच ठिकाणी. तेव्हा 'सारखी' या शब्दाचा आवाका एवढाच: ज्या प्रश्नाचं उत्तर फक्त या दोन क्रियांवर ठरतं, त्याचं उत्तर दोन्हीकडे एकच येतं.

आता वही उघड आणि माझ्याबरोबर कर. p = 2+3x−x², q = 1−x+2x², r = 1+9x−8x². या तीन बहुपदी रेषीय परावलंबी आहेत का?

तू बहुतेक सहगुणक लिहून काढशील. बहुपदीला तिच्या सहगुणकांकडे नेणाऱ्या या फंक्शनला S म्हणू:

S(p) = (2, 3, −1)
S(q) = (1, −1, 2)
S(r) = (1, 9, −8)

या तीन ओळींचा निश्चयक काढ. 2(8−18) − 3(−8−2) + (−1)(9+1) = −20+30−10 = 0. म्हणजे परावलंबी. संबंध शोधायला गेलास तर r = 2p − 3q सापडेल. इथे तू बहुपदींचं गणित R^3 मध्ये सोडवलंस आणि उत्तर परत आणलंस. आयसोमॉर्फिझमचा वापर म्हणतात तो हाच, आणि तू तो बारावीपासून न कळत करतो आहेस.

पण पलीकडे जायचा हा एकच रस्ता नाही. बहुपदीला तिच्या सहगुणकांऐवजी 0, 1 आणि 2 या ठिकाणच्या किमतींनी ओळखू या. T(p) = (p(0), p(1), p(2)). हे रेषीय आहे, कारण (p+q)(1) म्हणजे p(1)+q(1) च. एकास-एकसुद्धा आहे: तिन्ही किमती शून्य आल्या तर दोनपर्यंतच्या घाताला तीन मुळं झाली, आणि असं फक्त शून्य बहुपदीला जमतं. आच्छादकही आहे, कारण कुठलेही तीन आकडे दिले तरी त्या किमती घेणारी बहुपदी बांधता येते. (x−1)(x−2)/2 ही 0 ला 1 आणि बाकी दोन ठिकाणी शून्य. x(2−x) ही 1 ला 1 आणि बाकी शून्य. x(x−1)/2 ही 2 ला 1 आणि बाकी शून्य. यांना हव्या त्या आकड्यांनी गुणून बेरीज केली की झालं. लक्षात घे, या तीन बहुपदी म्हणजे P_2 चा आणखी एक बेसिस आहे, आणि T म्हणजे त्या बेसिसमधले निर्देशक.

T(p) = (2, 4, 4)
T(q) = (1, 2, 7)
T(r) = (1, 2, −13)

आकडे पूर्ण वेगळे आले. पण 2(2,4,4) − 3(1,2,7) करून बघ, (1, 2, −13) येतं. r = 2p − 3q हा संबंध इथेही जसाच्या तसा आहे. रस्ता बदलला की आकडे बदलतात, संबंध बदलत नाहीत.

मला या उदाहरणात सर्वांत आवडतं ते पुढे आहे. दुसऱ्या तक्त्यातले पहिले दोन स्तंभ बघ: 2, 1, 1 आणि 4, 2, 2. दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट. निश्चयक शून्य आहे हे काहीही न मोडता डोळ्यांना दिसतं. शिवाय कारणही दिसतं: तिन्ही बहुपदी p(1) = 2p(0) ही अट पाळतात. ही अट पाळणाऱ्या बहुपदींची उपस्पेस दोन मितीची आहे, आणि दोन मितीत तीन व्हेक्टर आले की ते परावलंबी असणारच. सहगुणकांच्या तक्त्यात ही गोष्ट होतीच, पण दडलेली होती.

तिसरा रस्ता मी वर्गात मुद्दाम देतो आणि बरीच मुलं त्यात अडकतात. U(p) = (p(0), p(2)−p(0), p'(1)). रेषीय आहे, दोन्हीकडे मिती 3 आहे, तीन आकडे वेगवेगळे दिसतात. मुलं लिहितात, 'मिती समान, म्हणून U आयसोमॉर्फिझम.' पण x²−2x घेऊन बघ. p(0) = 0, p(2) = 0, आणि p'(1) = 2−2 = 0. शून्य नसलेली बहुपदी (0,0,0) वर जाते. पॅराबोलाच्या जीवेचा चढ आणि मधल्या बिंदूवरच्या स्पर्शिकेचा चढ नेहमी सारखा असतो, म्हणून p(2)−p(0) हे कायम 2p'(1) एवढंच येतं. तिसऱ्या आकड्याने नवीन काही सांगितलंच नाही. मिती समान असणं म्हणजे कुठला तरी आयसोमॉर्फिझम आहे एवढीच हमी. तुझ्या हातात आहे तो रस्ता चालतो की नाही, हे तपासावंच लागतं. तपासायची रीत सोपी आहे: शून्यावर कोण जातं ते शोध. दोन्हीकडे मिती सारखी आणि मर्यादित असेल तर एकास-एक दाखवलंस की आच्छादक वेगळं दाखवायची गरज उरत नाही.

आता तुझी पाठ असलेली सिद्धता. ती उलट्या दिशेने वाचली तर जास्त उलगडते, असा माझा अनुभव आहे. V मध्ये कुठलेही n व्हेक्टर v1, v2, …, vn घे. R^n कडून V कडे येणारं फंक्शन लिही:

F(a1, …, an) = a1v1 + … + anvn

हे नेहमीच रेषीय असतं. मग v1, …, vn कसेही निवडले असले तरी. ते आच्छादक आहे, याचा अर्थ V मधला प्रत्येक व्हेक्टर या v पासून बनवता येतो. ते एकास-एक आहे, याचा अर्थ v स्वावलंबी आहेत, कारण F(a) = 0 होण्याचा एकच मार्ग उरतो: सगळे a शून्य. म्हणजे बेसिसच्या व्याख्येतल्या दोन अटी आणि आयसोमॉर्फिझमच्या दोन अटी एकमेकींसमोर येऊन उभ्या राहतात. V मध्ये n व्हेक्टरांचा बेसिस असणं आणि R^n पासून V पर्यंत आयसोमॉर्फिझम असणं, या एकाच गोष्टीच्या दोन वाचनाच्या रीती आहेत. उलट जाणारं फंक्शन म्हणजे निर्देशक काढणं. आपल्या S चा बेसिस 1, x, x² होता. T चा बेसिस वर काढला. हे दाखवायला V मध्ये बहुपदी आहेत, मॅट्रिक्स आहेत की एखाद्या अवकल समीकरणाची उत्तरं, याची कुठेही गरज पडली नाही, म्हणून 'प्रत्येक' हा शब्द वापरता येतो.

R^2 आणि R^3 मात्र आयसोमॉर्फिक नाहीत, कारण आयसोमॉर्फिझम बेसिसला बेसिसवरच नेतो आणि बेसिसमधली संख्या बदलत नाही. इथे रेषीयतेची अट किती भारी आहे ते कळतं. रेषेवरचे बिंदू आणि प्रतलावरचे बिंदू यांची एकास-एक जोडी लावता येते हे कँटरने १८७७ मध्ये दाखवलं, आणि तसंच R^2 व R^3 यांचंही. नुसत्या मोजणीने मिती ओळखू येत नाही. बेरीज सांभाळायची म्हटली की येते.

आता तुझा दुसरा प्रश्न: मग सरळ R^n च का नको? याचं उत्तर द्यायला मला बहुपदींपेक्षा एक साधी स्पेस जास्त उपयोगी पडते.

कॉलेज रोडजवळ एका खोलीत राहणाऱ्या तीन मैत्रिणी धर. रविवारी तिघी मिसळ खायला गेल्या, ३०० रुपये झाले, पहिलीने दिले. प्रत्येकीचा वाटा १००, म्हणजे पहिलीला २०० येणं आणि बाकी दोघींना १००-१०० देणं. हा हिशेब (200, −100, −100). तिथून रिक्षाने पांडवलेणीला गेल्या, १५० रुपये दुसरीने दिले: (−50, 100, −50). दिवसाचा हिशेब म्हणजे दोन्हींची बेरीज: (150, 0, −150). तिसरीने पहिलीला १५० दिले की विषय मिटला.

अशा सगळ्या हिशेबांची स्पेस W म्हणजे (a, b, c) जिथे a+b+c = 0. दोन हिशेबांची बेरीज पुन्हा हिशेब, दुप्पट केला तरी हिशेब. मिती किती? दोघींचे आकडे कळले की तिसरीचा आपोआप ठरतो, म्हणून 2. तेव्हा W ही R^2 सारखी. पण कशी?

तिसरीचा आकडा लिहायचा नाही असं ठरवलं, तर वरची बेरीज (200, −100) + (−50, 100) = (150, 0). बरोबर. पहिलीचा आकडा गाळायचा ठरवलं, तर (−100, −100) + (100, −50) = (0, −150). हेही बरोबर. दुसरीचा गाळला तरी चालेल. तिन्ही रस्ते आयसोमॉर्फिझम आहेत आणि तिन्ही सारख्याच तोलाचे. वहीतून कुणाचं नाव गाळायचं याचा निर्णय W करत नाही, तो आपण करतो. P_2 मध्ये 1, x, x² हा बेसिस इतका सवयीचा असतो की ही निवड आहे हेच आपण विसरतो. W मध्ये विसरताच येत नाही, म्हणून मी वर्गात तिच्यावर थांबतो.

निवडीचे परिणाम बघ. मिसळीच्या हिशेबाची 'लांबी' काढ. R^3 मधला व्हेक्टर म्हणून तिचा वर्ग 40000+10000+10000 = 60000, म्हणजे लांबी सुमारे 245. तिसरी गाळून मिळालेल्या (200, −100) ची लांबी √50000, सुमारे 224. पहिली गाळून मिळालेल्या (−100, −100) ची √20000, सुमारे 141. हिशेब एकच, लांब्या तीन. कोनाचंही तसंच. तिसरी गाळणाऱ्या रस्त्याचा बेसिस (1, 0, −1) आणि (0, 1, −1). R^2 मध्ये त्यांचे निर्देशक (1, 0) आणि (0, 1), एकमेकांना लंब. पण R^3 मध्ये त्यांचा डॉट प्रॉडक्ट 1, दोघांची लांबी √2, म्हणून कोसाइन ½ आणि कोन 60 अंश. आयसोमॉर्फिझमने बेरीज जशीच्या तशी नेली, कोन नेला नाही. तो न्यायचं वचन त्याने दिलेलंच नव्हतं. कोन आणि लांबी सांभाळायची असेल तर अंतर्गुणन वेगळं द्यावं लागतं आणि बेसिसही त्या मापाने लांबी 1 असलेला, परस्परलंब घ्यावा लागतो. ते पुढच्या प्रकरणात येईल.

गुणाकाराचंही हेच. x ला x ने गुणलं की x² मिळतो. S च्या भाषेत x म्हणजे (0, 1, 0) आणि x² म्हणजे (0, 0, 1). घटकाला घटकाने गुणलं तर (0, 1, 0) च राहतो, म्हणजे S ला गुणाकार कळत नाही. T च्या भाषेत x म्हणजे (0, 1, 2), घटकांचे वर्ग (0, 1, 4), आणि x² च्या किमती त्याच. इथे जमलं, कारण किमतींचा गुणाकार बहुपदींच्या गुणाकाराशी जुळतो. पण हा T च्या निवडीचा गुण, आयसोमॉर्फिझमचा नाही. आणि x² ला x² ने गुणलंस की घात 4 होतो, P_2 च्या बाहेर जातो, तेव्हा तोही आधार संपतो.

यावरून रोज वापरता येईल अशी एक कसोटी घे. व्हेक्टरबद्दल काही विधान लिहिलंस की बेसिस बदलून तेच पुन्हा विचार. 'p, q, r परावलंबी आहेत' हे S मध्येही खरं, T मध्येही खरं. ते बहुपदींबद्दलचं विधान आहे. 'पहिले दोन निर्देशक समान आहेत' हे T मध्ये 1 या बहुपदीला लागू पडतं, कारण तिचे निर्देशक (1, 1, 1). S मध्ये ते (1, 0, 0), म्हणून लागू पडत नाही. ते विधान बहुपदीबद्दल नव्हतंच, आपल्या लिहिण्याच्या पद्धतीबद्दल होतं.

पेपर तपासताना सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी चूकही इथलीच आहे. उत्तराच्या सुरुवातीला बेसिस 1, x, x² या क्रमाने घेतलेला असतो, अर्ध्यावर कुणीतरी x², x, 1 या सवयीच्या क्रमाने सहगुणक उतरवतं आणि दोन्ही एकाच निश्चयकात जातात. निर्देशकांसाठी क्रम हा बेसिसचाच भाग आहे. S मधले निर्देशक असतील तर पडताळा सोपा: तिघांची बेरीज p(1) एवढी यायला हवी आणि पहिला p(0) एवढा. p साठी 2+3−1 = 4 आणि p(1) = 4. क्रम उलटला तर बेरीज तीच राहते, पण पहिला आकडा −1 होतो आणि p(0) = 2 शी जुळत नाही. दोन्ही पडताळे करायची सवय ठेव.

एका बेसिसमधून दुसऱ्यात जायचं असेल तर बहुपदीकडे परत जायची गरज नाही. S कडून T कडे नेणारी मॅट्रिक्स, p = a+bx+cx² धरून, p(0) = a, p(1) = a+b+c, p(2) = a+2b+4c यांवरून सरळ लिहिता येते: तिच्या ओळी (1, 0, 0), (1, 1, 1), (1, 2, 4). (2, 3, −1) ला तिने गुण, (2, 4, 4) येईल. तिचा निश्चयक 2 आहे, शून्य नाही, म्हणून परतही येता येतं. हीच गोष्ट U साठी करून बघ: ओळी (1, 0, 0), (0, 2, 4), (0, 1, 2) येतात आणि निश्चयक शून्य होतो.

म्हणून 'V = R^n' असं वहीत लिहू नकोस. 'V ला बेसिस B घेतला, V मधल्या v चे B मधले निर्देशक अमुक' असं लिही. R^n स्वतःचा एक बेसिस, (1, 0, …, 0) वगैरे, बरोबर घेऊनच येते. V तसा आणत नाही, आणि आणत नाही म्हणूनच तुला निवडीची मोकळीक मिळते: p, q, r चा प्रश्न S मध्ये निश्चयक मोडून सुटला आणि T मध्ये नुसतं बघून. बाकीच्या स्पेस शिकायच्या त्या या निवडीसाठी. जी गोष्ट बेसिस न घेता सिद्ध केलीस ती तिन्ही मैत्रिणींच्या वह्यांत एकदम खरी ठरते. जी एका वहीवरून सिद्ध केलीस, तिच्याबाबत बाकीच्या दोन वह्या काय म्हणतात हे तपासायचं उरतं.

यापुढे स्वतः करून बघायचं असेल तर P_2 मध्ये p(0), p'(0), p(1) हे तीन आकडे घे. चालतो का हा रस्ता? चालत असेल तर त्याचा बेसिस कोणता? आणि मग p(0), p(1) आणि 0 ते 1 पर्यंतचं संकलन घेऊन तेच विचार. दोन्हींत शून्यावर कोण जातं इथूनच सुरुवात कर.